तांबं धरत नाही

पार्लरवाली म्हणूनच तिला सगळे ओळखतात. औषधाच्या दुकानावरची एक खोली, तीत दोन खुर्च्या, दोन आरसे आणि खिडकीशी एक बेसिन, ज्याचा नळ घट्ट बंद केला तरी थोडं बोलत राहतो. दिवसभर लोकांना आरशातच बघायची सवय झाल्यामुळे ती समोर आलेल्या माणसाच्याही डोळ्यांत बघत नाही. तिची नजर जरा वर, केसांच्या मुळांवर असते. समोरचा आपली सुखदुःखं सांगत असतो आणि ही मनात ठरवत असते, याला तपकिरी चालेल, काळा नको, काळ्याने चेहरा पडेल.

गेल्या वर्षापासून तिच्या बोटांची सालं निघायला लागली. आधी साबण बदलून झाला, मग हातमोजे बदलून झाले. शेवटी डॉक्टरने तिचे दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि म्हणाला, "केसांचा रंग तुम्हाला सोसत नाही. हातमोज्यांनी भागणार नाही. हा धंदा सोडा."

"दुसरा येत नाही," ती म्हणाली.

"शिका."

हे शिका म्हणणं किती सोपं असतं, असं ती घरी येऊन मुलीला म्हणाली. मुलगी अकरावीला, विज्ञानशाखेत. दोघीच घरात. बाप कधीचा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता, इतका कधीचा की मुलगी त्याचा उल्लेख 'ते गृहस्थ' असा करायची आणि आईला हसू यायचं.

रंगाला हात न लावता धंद्यात राहायचा एकच रस्ता होता. शहरातल्या ट्रेनिंग सेंटरला केसांचा रंग शिकवणारी बाई हवी होती. तिथे हाताने काही करायचं नव्हतं, पोरींच्या पाठीशी उभं राहून सांगायचं होतं. सेंटरच्या मुख्य बाई स्वतः जिने चढून पार्लरमध्ये आल्या. "तुमच्यासारखा रंग कुणाला जमत नाही," त्या म्हणाल्या. "पण नियम आहे. दहावी पास पाहिजे. उन्हाळ्यात जागा भरणार. तोपर्यंत सर्टिफिकेट आणा, जागा तुमची."

पार्लरवाली दहावीला विज्ञानात दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा आईने समजूत काढली, दुसऱ्यांदा लग्न काढलं. बाकीचे विषय तेव्हाच सुटले होते. विज्ञान तेवढं हाडात रुतलेल्या काट्यासारखं राहून गेलं होतं.

म्हणून ती रात्रशाळेत जायला लागली. बाकं लहान मुलांची होती, गुडघे वरच्या फळीला लागायचे. वर्गात वयाने तीच मोठी, त्यामुळे सगळ्यांची ताई. शेजारच्या बाकावर एक गॅरेजवाला बसायचा, त्याचे हात तेलाने काळे. पहिल्याच दिवशी त्याने तिच्या बोटांकडे पाहून विचारलं, "ताई, तुमचंपण गॅरेज आहे का?"

"हो," ती म्हणाली. "फक्त माझ्याकडच्या गाड्या आरशात बघून रडतात."

रसायनशास्त्र शिकवायला जे सर होते त्यांना पोरं बाणसर म्हणत. सकाळच्या शाळेत शिकवून, दुपारी थोडं झोपून ते इथे यायचे, आणि फळ्यावर समीकरण लिहिताना मधला बाण इतक्या जोरात ओढायचे की खडू मोडायचा. "बाणाच्या अलीकडे जेवढे अणू, तेवढेच पलीकडे. एक कमी नाही, एक जास्त नाही. कुठे जाणार आहेत ते? भिंतीत?" हे वाक्य पोरांना इतकं पाठ झालं होतं की सरांनी 'कुठे जाणार आहेत' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'भिंतीत' म्हणायचंच. सर तिच्याहून लहान होते. ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिला 'तुम्ही, ताई'. दोघांनाही त्याचं थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

तिने पहिली चूक केली ती पाण्यापाशी. घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर, मुलगी भाजी निवडत होती आणि ही गृहपाठ करत होती. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. H₂ + O₂ → H₂O. तिने मोजलं. हायड्रोजन इकडे दोन, तिकडे दोन. ऑक्सिजन इकडे दोन, तिकडे एक. एक ऑक्सिजन भिंतीत चालला होता. तिने क्षणभर विचार केला आणि पाण्यातल्या O च्या पायाशी एक बारीक दोन लिहिला. झालं. दोन-दोन, दोन-दोन. तिने वही मुलीकडे सरकवली. वाटीत रंग कालवताना एखादी छटा कमी वाटली तर ती असंच करायची, आतच थोडं घालायची.

मुलीने पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"आई, हे काय लिहिलंयस वाच."

"एच टू ओ टू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाणी. जरा जास्तीचं."

"जास्तीचं पाणी नाही गं. हायड्रोजन पेरॉक्साइड आहे हे. तुझं डेव्हलपर! रंगात घालतेस ते. बाटलीवर लिहिलेलं असतं की."

पार्लरवाली वहीकडे बघत राहिली. डेव्हलपरची बाटली तिला न बघता ओळखता यायची. तिचा वास, बोटाला लागलं तर पांढरं पडणारं कातडं, डोळ्यात उडालं तर काय होतं. पाणी आणि ते यांच्यात एका बारीक दोनाचा फरक होता, हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी बँकेतल्या बाईंचं डोकं धुवायला घेतलं," ती हळूच म्हणाली, "आणि नळातून डेव्हलपर सोडलं."

"हां. आणि त्या बाई टकलू झाल्या."

दोघी हसल्या. मग मुलीने पेन्सिल घेतली. "खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. तो बाटलीच्या आतला माल आहे. तो बदलला की वस्तूच बदलली. आपण फक्त पुढे आकडा लिहायचा. बाटल्या किती, एवढंच आपल्या हातात."

दोन बाटल्या पाणी. मग ऑक्सिजन झाले दोन, पण हायड्रोजन चार. मग इकडे हायड्रोजनच्या दोन बाटल्या. 2H₂ + O₂ → 2H₂O. तिने मोजलं, परत मोजलं, आणि तिला तेच समाधान वाटलं जे एखाद्या बाईच्या डोक्याच्या दोन्ही बाजू एकाच लांबीच्या निघाल्या की वाटतं. त्यानंतर ती खालच्या आकड्याला शिवली नाही.

अभिक्रियांचे प्रकारही तिने आपल्या पद्धतीने लावून घेतले. दोघं आले आणि एक झाले, संयोग. एक आला आणि फुटून दोन झाले, अपघटन. दोन जोड्या आल्या आणि जोडीदार बदलून गेल्या, दुहेरी विस्थापन. नुसत्या विस्थापनापाशी मात्र तिचं पेन थांबलं. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकला की लोखंड आत शिरतं आणि तांबं बाहेर पडतं. Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu.

"एकटी येते," ती म्हणाली, "जोडीतल्या एकीला हुसकावते आणि तिच्या जागी बसते. हे मला शिकवायची गरज नाही."

मुलगी शेंगा मोडत राहिली.

"सर म्हणाले, जो जास्त क्रियाशील तो कमी क्रियाशीलाला बाहेर काढतो. म्हणजे बाहेर पडलेलीच मंद, असंच ना?"

"आई," मुलगी म्हणाली, "लोखंडाला नवरा नसतो."

"तेवढं एक बरं आहे त्याचं."

मुलीने तिच्याकडे बघितलं नाही, भाजीकडे बघितलं. पण उठताना आईच्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्या घरात एवढ्यावरच बरंच बोलून व्हायचं.

परीक्षेला नावं पाठवायची वेळ जवळ आली तेव्हा बाणसरांनी आपला नियम सांगितला. धड्याखालचे प्रश्न आता कुणी दाखवू नका. "संयोगाच्या धड्याखाली सगळे संयोगच असतात. तुम्ही समीकरण वाचत नाही, दारावरची पाटी वाचता आणि आत शिरता. परीक्षेत दारावर पाटी नसते." त्यांनी छापलेला कागद वाटला. वीस अभिक्रिया, सगळ्या सरमिसळ. कागदावर लिहिलं होतं: अभिक्रिया पूर्ण करा, संतुलित करा, प्रकार लिहा. एका अभिक्रियेला एक गुण, तोही समीकरण आणि प्रकार दोन्ही बरोबर असतील तरच. चौदा गुण मिळाले तर नाव जाईल. नाही मिळाले तर पुढच्या खेपेला बसायचं.

"आणि हो," सर म्हणाले, "घरी करायचा आहे म्हणून घरच्यांनी करायचा नाही. मला अक्षर कळतं. घाम कुणाचा तेही कळतं."

पुढची खेप म्हणजे उन्हाळा उलटून. तोवर सेंटरची जागा भरलेली असणार. पार्लरवालीने कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरताना तिच्या बोटांना एकदम खाज सुटली.

मुलीने कागद पाहिला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आई, हे कठीण आहे. मी पेन्सिलीने करून देते, तू वरून पेन फिरव. तुझ्या अक्षरात होईल."

"नको."

"कोण बघतंय?"

"अगं, सेंटरला पोरींसमोर उभी राहीन तेव्हा तूच पेन्सिल घेऊन मागे उभी राहणार आहेस का?"

"मग निदान मी बघते, चुकलं तर खोकते."

"तू दुसऱ्या खोलीत जाऊन खोक."

पार्लरला सुट्टीचा दिवस होता. सकाळचं ऊन ओट्यावरून टेबलावर येत होतं. तिने जुन्या सवयीने पदर खोचला, जणू कुणाचं डोकं करायला घ्यायचं होतं, आणि पेन उघडलं.

पहिल्या काही सरळ होत्या. मॅग्नेशियम जळतं, 2Mg + O₂ → 2MgO, दोनांचा एक, संयोग. चुनखडी तापवली, CaCO₃ → CaO + CO₂, आधीच संतुलित, काही करायचं नाही, अपघटन. काही करायचं नसतं तेव्हाच हात सगळ्यात जास्त शिवशिवतात हे तिला माहीत होतं. नवशिक्या पोरी चांगल्या कापलेल्या केसाला आणखी एक कात्री मारतात आणि घोटाळा होतो. तिने कागद पुढे सरकवला. मग डेव्हलपर आलं. 2H₂O₂ → 2H₂O + O₂. एकातून दोन निघाले, अपघटन. जुनी बाटली उघडताना तोंडाशी फुस्स आवाज येतो तो कुणाचा, हे तिला आत्ता कळलं. तो ऑक्सिजन होता, इतकी वर्षं बाटलीतून सुटून तिच्या खोलीत फिरत होता. ॲल्युमिनियमपाशी तिला बराच वेळ लागला. तिकडे ऑक्सिजन तीन, इकडे दोन. शेवटी दोघांना सहावर आणून बसवलं. 4Al + 3O₂ → 2Al₂O₃.

सगळं असं गेलं नाही. शिशाच्या एका लांबलचक अभिक्रियेत नायट्रोजन जुळला की ऑक्सिजन सुटायचा आणि ऑक्सिजन धरला की शिसं. तिने ती अर्धवट सोडली. इथेन नावाच्या वायूच्या ज्वलनात ऑक्सिजनचे साडेतीन रेणू येत होते. साडेतीन कसे लिहायचे म्हणून तिने चार लिहून टाकले आणि मनात म्हणाली, बघून घेतील. जिथे जोड्या बदलतात तिथे तिने दोन-तीन ठिकाणी प्रकार घाईत लिहिला.

आणि मग ती अभिक्रिया आली. Cu + ZnSO₄ → आणि पुढे रिकामी रेघ.

तिने लिहायला पेन टेकवलंसुद्धा. एकटा आला आहे, समोर जोडी आहे. CuSO₄ + Zn. एक तांबं, एक जस्त, एक गंधक, चार ऑक्सिजन. अलीकडे तेवढेच पलीकडे. प्रकार, विस्थापन. इतकं नीट जुळत होतं की कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

पेन टेकलं तिथे शाईचा एक ठिपका उमटला आणि तेवढाच राहिला.

सरांनी धातूंची एक रांग फळ्यावर लिहून दिली होती, सगळ्यात उतावळा वर, सगळ्यात थंड खाली. तिने ती वहीत शोधली. जस्त वर. त्याच्या खाली लोखंड. तांबं आणखी खाली. खालच्याने वरच्याला कसं हुसकवायचं? कागदावर सगळे अणू जुळत होते, पण भांड्यात काही होणार नव्हतं. तांब्याची तार त्या पाण्यात पडून राहील, चकचकीत, आणि पाणी होतं तसं राहील.

ती बराच वेळ बसली. शेजारच्या खोलीतून मुलगी खरोखर खोकली, पण तो खरा खोकला होता. ऊन टेबलाच्या काठापर्यंत आलं. पार्लरवालीच्या मनात एक विचार येऊन गेला जो तिने कुणाला सांगितला नाही: एकटी कुणी दारात आली म्हणजे आतलीने उठायलाच पाहिजे असं नसतं. तिने तो विचार बाजूला ठेवला. विज्ञानाच्या कागदावर त्याला जागा नव्हती.

नवीन बाई आली की ती कानामागच्या एका बटेवर आधी रंग लावून बघायची. काही केस रंग घेतच नाहीत. मग बाईच्या कार्डावर ती दोन शब्द लिहायची आणि पुढचा रंग कालवायची नाही. तेच दोन शब्द तिने रिकाम्या रेघेवर लिहिले. धरत नाही. प्रकाराचा रकाना तिने कोरा ठेवला. जे झालंच नाही त्याचा प्रकार काय लिहायचा?

सरांनी कागद तपासून परत दिले तेव्हा वर्गात पंखा करकरत होता. गॅरेजवाल्याला पंधरा पडले. त्याने कागद डोक्यावर धरून टोपीसारखा फिरवला. पार्लरवालीच्या कागदावर लाल अक्षरांत तेरा होतं.

तिने आधी फक्त तो आकडा पाहिला. मग कागद उलटा ठेवला, मग सरळ केला.

"किती, ताई?"

"तेरा."

गॅरेजवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. "सरांनी द्यायचा की एक. काय जातंय त्यांचं?"

"गप. ते काय भाजीवाले आहेत का, वर कोथिंबीर द्यायला?"

तिने एकेक फुली पाहिली. शिसं चुकलं होतं, ते तिला माहीतच होतं. इथेन चुकला होता. बाकीच्या फुल्याही रास्त होत्या, एके ठिकाणी तर तिने दुहेरी विस्थापनाला संयोग लिहून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. मग ती तांब्यापाशी आली. तिथेही फुली होती, आणि शेजारी सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: जमत नसेल तरी प्रयत्न करावा.

तिने ते दोनदा वाचलं. शाळेत असताना ती सुटलेल्या प्रश्नासमोर 'येत नाही' असं लिहायची, कारण कोरं सोडलं की बाई ओरडायच्या. तेव्हापासून आयुष्यात ती कुठल्या मास्तराशी भांडली नव्हती. गिऱ्हाइकाशी तर नाहीच. कुणी म्हणालं की रंग लाल आला, तर ती म्हणायची, "हो का, करून देते परत," जरी रंग लाल नसला तरी.

वर्ग सुटला. पोरं जिना उतरून गेली. सर टेबलावर कागद गोळा करत होते, त्यांच्या बाहीला खडू लागला होता. ती पुढे गेली.

"सर."

"बोला ताई. वाईट वाटून घेऊ नका. एकाने गेलं तुमचं."

"सर, हे मी सोडलेलं नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "कुठलं?"

तिने बोट ठेवलं. सर वाचायला लागले. "धरत नाही. हो. तीन-चार जणांनी अवघड प्रश्नांपुढे असंच लिहिलंय. जमत नाही, येत नाही, कळत नाही. कागद तपासता तपासता मला वाटलं आपण तक्रारपेटी उघडून बसलो आहोत."

"जमत नाही असं नाही लिहिलं मी. धरत नाही लिहिलंय."

"मग?"

"तांबं धरत नाही. म्हणजे तांबं टाकलं तरी काही होत नाही." तिचा आवाज चढला होता, आणि ते तिच्या लक्षात येऊन ती थांबली. मग हळू बोलली. "आमच्याकडे केसाने रंग घेतला नाही की आम्ही असंच म्हणतो."

सर खुर्चीत मागे टेकले. "आणि प्रकार का नाही लिहिला?"

"जे झालंच नाही त्याला प्रकार कसला?"

"बाकी सगळ्या वर्गाने विस्थापन लिहिलंय. तुमच्या त्या गॅरेजवाल्यानेसुद्धा. आणि संतुलितही करून ठेवलंय, अगदी व्यवस्थित."

"मीपण लिहिणार होते. पेन टेकवलं होतं." तिने शाईचा ठिपका दाखवला.

"मग का नाही लिहिलंत?"

"जस्त वर आहे. तांबं खाली आहे. तांब्यात तेवढा जोर नाही."

सरांनी ठिपक्याकडे पाहिलं आणि मग एक कोरा कागद ओढला. "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण तुम्ही अंदाजानेही लिहिलं असेल. तसं असेल तर मला कळायला हवं. तांबं चांदीच्या पाण्यात टाकलं तर? सिल्व्हर नायट्रेट."

ती उभ्याउभ्याच कागदावर वाकली. चांदी कुठे? रांगेत तांब्याच्याही खाली. "धरेल," ती म्हणाली.

"लिहा."

तिने लिहिलं, Cu + AgNO₃ → Cu(NO₃)₂ + Ag. तांब्याला नायट्रेट दोन लागतात, हे सूत्र सरांनीच कंस घालून शिकवलं होतं. मग मोजलं. तिकडे नायट्रेट दोन, इकडे एक. हात खालच्या आकड्याकडे गेला नाही. तिने पुढे दोन लिहिला, 2AgNO₃. आता इकडे चांदी दोन झाली, तिकडे एक. तिकडेही दोन. Cu + 2AgNO₃ → Cu(NO₃)₂ + 2Ag. शेजारी लिहिलं: विस्थापन.

सर बघत होते. "काय दिसेल भांड्यात?"

"ते मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण पाणी निळं होत जाईल असं वाटतं. तांबं पाण्यात उतरलं की निळं होतं ना?"

"हो. आणि तारेवर चांदी जमते." त्यांनी लाल पेन उघडलं, फुलीवर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला खूण केली. तेराचा त्यांनी चौदा केला. तो आकडा जरा बेढब दिसला, तीनच्या अंगावर चार चढलेला. मग त्यांनी नावांच्या यादीत शेवटी तिचं नाव लिहिलं, आणि लिहिताना तिला विचारलं, आडनाव सासरचं की माहेरचं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर्टिफिकेटवर जे येईल ते माहेरचं येऊ दे."

सरांनी मान डोलावली, जणू हेही रसायनशास्त्रातच येतं.

"पण ऐका, ताई. हे मी आहे म्हणून. परीक्षेत पेपर तपासणारा तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर तुम्ही उभ्या राहणार नाही. तिथे 'अभिक्रिया होत नाही' असंच लिहायचं. आणि त्यापुढे कारण. धरत नाही लिहिलंत तर तो माझ्यासारखंच वाचेल."

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिला खरंच बरोबर वाटलं. "आणि मी गिऱ्हाइकाला म्हटलं की बाई, तुमच्या केसांशी अभिक्रिया होत नाही, तर ती जिन्यावरून पळत सुटेल."

सर हसले, आणि त्यांचं हसणं तिने पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी कागद तिच्याकडे परत ढकलला. "आता बाकीच्या फुल्या. नाव पाठवलं म्हणजे सुटलात असं नाही. दुरुस्त करून द्या आणि मग जा. मी बसलोय."

"सगळ्या?"

"सगळ्या. शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत."

ती पहिल्या बाकावर बसली. पर्समध्ये फोन थरथरला, मुलगी असणार, किती पडले म्हणून विचारत असणार. तिने तो उचलला नाही. आधी तिने जिथे जोड्या बदलत होत्या तिथे संयोग खोडून दुहेरी विस्थापन लिहिलं. शिसं तिने बाजूला ठेवलं. मग इथेन घेतला. C₂H₆ + O₂ → CO₂ + H₂O. कार्बन दोन, म्हणून 2CO₂. हायड्रोजन सहा, म्हणून 3H₂O. आता पलीकडे ऑक्सिजन मोजले. चार आणि तीन. सात. ते काही दोन-दोनच्या बाटल्यांत बसत नव्हते. साडेतीन बाटल्या.

"सर, साडेतीनच येतात."

"येऊ द्या."

"साडेतीन बाटल्या कोण देणार?"

"कोणी नाही. मग काय कराल?"

ती कागदाकडे बघत राहिली. बाहेर जिन्यावर शिपायाच्या किल्ल्यांचा आवाज आला आणि पुढे गेला. साडेतीन ऑक्सिजनला एक इथेन. म्हणजे सात ऑक्सिजनला दोन. सगळ्यांचंच दुप्पट केलं तर कुणाचंच बिघडत नाही.

तिने इथेनच्या पुढे दोन लिहिला, आणि मग एकेक करून बाकीचे आकडे खोडायला लागली.